मुरत पडलेल्या पिंपांची किंमत किती? लोणच्याच्या युनिटमधला क्लोजिंग डब्ल्यूआयपी

प्रोसेस कॉस्टिंगमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याने बनणाऱ्या मालाची किंमत काढताना, मुलं अडकतात ती इक्विव्हॅलंट युनिटला, म्हणजे अर्धवट माल किती पूर्ण मालाएवढा धरायचा या प्रश्नाला, आणि पुस्तकातलं गणित बघितलं की का अडकतात ते कळतं. त्यात "मटेरियल १००%, लेबर ६०%, ओव्हरहेड ६०%" असं आयतं दिलेलं असतं, ते साठ टक्के कुठून आले हे कोणी सांगत नाही. खऱ्या युनिटमध्ये मात्र तो आकडा तुम्हालाच काढायचा असतो आणि सगळी गंमत तिथेच आहे. म्हणून एक लोणच्याचं युनिट घेऊन मे महिन्याचा हिशोब पूर्ण मांडतोय. युनिट सांगली जिल्ह्यातलं, छोटं, एक ताई चालवतात, कामाला गावातल्याच बायका. आकडे सोयीसाठी गोल केलेत पण प्रकार हाच.

कामाचे टप्पे आधी बघा, कारण ते कळले नाहीत तर टक्के काढता येत नाहीत. पहिल्या प्रोसेसमध्ये राजापुरी कैरी धुवून, पुसून, अडकित्त्यावर फोडायची, कोय काढायची, मीठ-हळद लावून ठेवायची आणि सुटलेलं पाणी निथळून टाकायचं. इथून ज्या खारवलेल्या फोडी निघतात त्या दुसऱ्या प्रोसेसला जातात, आणि आपण बोलणार आहोत ते या दुसऱ्या प्रोसेसबद्दल, म्हणजे मसाला आणि मुरवण. इथे फोडींना मोहरीची डाळ, मेथी, तिखट, हिंग, मीठ असा तयार मसाला कालवतात आणि पिंपात भरतात. पहिले सहा दिवस रोज सकाळी पिंप उघडून खालवर करतात, मग झाकण लावून तसंच मुरू देतात. वीस दिवस झाले की फोडणी करून गार केलेलं तेल वरून ओततात, ढवळतात आणि पिंप पॅकिंगला जातं.

आता पहिला प्रश्न, मोजायचं कशात? सगळ्यांना पहिल्यांदा किलोच सुचतात. पण इथे किलो त्रास देतात, कारण मसाला पडला की वजन वाढतं, तेल पडलं की अजून वाढतं, म्हणजे अर्धवट पिंपातला एक किलो आणि तयार पिंपातला एक किलो ही एकच वस्तू नाही. त्यामुळे आम्ही युनिट धरलं ते पिंप. प्रत्येक पिंपात ५० किलो खारवलेल्या फोडी जातात, त्याचं तयार लोणचं साधारण ७० किलो निघतं. पिंप आत आलं तेव्हाही एक आणि बाहेर गेलं तेव्हाही एक, गोंधळ संपला. किलोचा भाव हवा तर शेवटी ७० ने भागायचं.

मे महिन्यात काय झालं ते असं. सीझनची सुरुवात म्हणून ओपनिंग, म्हणजे मागच्या महिन्याचा शिल्लक माल, काहीच नव्हता. १०० पिंपांच्या फोडी या प्रोसेसला आल्या, त्यातली ७० पिंपं पूर्ण होऊन पॅकिंगला गेली आणि ३१ तारखेला ३० पिंपं आत शिल्लक होती, हाच क्लोजिंग डब्ल्यूआयपी, म्हणजे महिनाअखेरचा अर्धवट माल. खर्च झाला तो फोडींचा ३,००,०००, मसाल्याचा १,४४,०००, तेलाचा १,२६,००० आणि मजुरी, गॅस, बाकी ओव्हरहेड मिळून ४२,०००. एकूण ६,१२,००० रुपये.

ताईंनी काय केलं तर सरळ ६,१२,००० भागिले १००, एका पिंपाला ६,१२० रुपये, किलोला साधारण ८७ रुपये ४० पैसे. त्यावर एका केटररला पॅकिंगशिवाय सुटं लोणचं ९५ रुपये किलोने कोट केलं, किलोमागे साडेसात रुपये सुटतील म्हणून. त्यांचा मुलगा म्हणाला असं कसं, तयार तर ७०च झालीत, ७० ने भाग. मग पिंपाला आले ८,७४३ रुपये, म्हणजे किलोला १२५ च्या आसपास, आणि त्या भावाने बाजारात कोणी विचारणार नाही. दोघेही माझ्याकडे आले आणि ताईंचा प्रश्न अगदी बरोबर होता, "सर, खर्च तर तोच आहे, मग लोणचं ८७ चं का १२५ चं?"

दोघांनीही टोकं पकडली होती. १०० ने भागलं की अर्धवट पिंप पूर्ण पिंपाएवढं धरलं जातं, ७० ने भागलं की अर्धवट पिंपावर काहीच खर्च झाला नाही असं होतं. खरं उत्तर मध्ये कुठेतरी आहे एवढं कोणालाही पटतं, आणि मग लगेच येतो तो तिसरा शॉर्टकट: ३० पिंपं अर्धवट आहेत ना, मग निम्मी धरा, १५. ७० अधिक १५ म्हणजे ८५, ६,१२,००० भागिले ८५ म्हणजे बरोबर ७,२०० रुपये पिंप. दिसायला अगदी शहाणपणाचं उत्तर आहे पण हेही चूकच, आणि का चूक ते समजलं की अर्धा धडा झाला.

कारण "अर्धवट" हा शब्द अख्ख्या पिंपाला लागतच नाही. शिल्लक पिंपाकडे बघा, त्यात फोडी पूर्ण आहेत, एकही फोड कमी नाही. तेल मात्र एक थेंब नाही. म्हणजे फोडींच्या बाबतीत ते पिंप १००% पूर्ण आणि तेलाच्या बाबतीत ०%. यांची सरासरी काढून "५०% पूर्ण" म्हणणं म्हणजे एक पाय गरम पाण्यात आणि एक बर्फात ठेवून एकूण बरं वाटतंय म्हणण्यासारखं. म्हणून प्रत्येक खर्चाचे इक्विव्हॅलंट युनिट वेगळे काढायचे. प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न: हा खर्च जितका झालाय, तेवढ्यात एकूण किती पिंपांचं हे काम पूर्ण झालं असतं?

त्यासाठी आधी ती ३० पिंपं उघडून बघावी लागतात, ऑफिसात बसून होत नाही. आम्ही गोडाउनला गेलो. पिंपाच्या झाकणावर मार्करने मसाला कालवल्याची तारीख लिहायची पद्धत ताईंची आधीपासूनच होती (बऱ्याच ठिकाणी हेही नसतं). २० पिंपांवर तारीख होती, मसाला घातलेला, सहा दिवसांचं खालवर करणं संपलेलं आणि झाकण लावून मुरत ठेवलेली, तेल अजून नाही. उरलेल्या १० पिंपांवर तारीखच नाही, नुसत्या फोडी, कारण मसाल्याची मोहरी उशिरा आली होती. म्हणजे "३० पिंपं शिल्लक" हा आकडा बिनकामाचा, कामाचं वाक्य आहे "२० पिंपं मसाला झालेली, तेल न झालेली आणि १० नुसत्या फोडींची".

एवढं कळलं की मटेरियल सोपं आहे. फोडी सगळ्याच पिंपांत, म्हणून ७० + ३० = १०० इक्विव्हॅलंट पिंपं, ३,००,००० भागिले १०० म्हणजे ३,००० रुपये. मसाला ७० तयार आणि २० मुरत असलेल्यांना पडलाय, म्हणून ९०, आणि १,४४,००० भागिले ९० म्हणजे १,६०० रुपये. तेल फक्त ७० पिंपांत, म्हणून ७०, आणि १,२६,००० भागिले ७० म्हणजे १,८०० रुपये. बघा, एकाच महिन्यात, एकाच प्रोसेसमध्ये तीन मटेरियलचे तीन वेगळे भाजक आले. परीक्षेत "मटेरियल १००%" एवढंच येतं त्यामुळे मुलांना वाटतं मटेरियल नेहमी सुरुवातीलाच पडतं. लोणच्यात तेल शेवटी पडतं आणि ते स्वस्तही नाही, त्यामुळे इथली मोठी चूक याच ओळीत होते.

आता मजुरी आणि ओव्हरहेड, म्हणजे कन्व्हर्जन कॉस्ट. इथे ताईंच्या मुलाने एक सूचना केली, मला वाटतं बहुतेक जण हेच करतील. तो म्हणाला, मुरवण २० दिवसांची, पिंपं सहा दिवसांची झालीत, म्हणजे ३०% काम झालं. ऐकायला बरोबर वाटतं पण मुरताना काम कोण करतंय? मीठ आणि मसाला करतोय, आणि त्याचा पगार आपल्याला द्यावा लागत नाही. सातव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत त्या पिंपाला कोणी हातही लावत नाही. म्हणून दिवस मोजायचे नाहीत, पैसा कधी खर्च होतो ते मोजायचं.

मग आम्ही बायकांना विचारून एका पिंपाच्या कामाचे तास काढले, यात ताईंपेक्षा कामावरच्या बायकांना जास्त माहीत होतं. मसाला कालवायला आणि भरायला अडीच तास, म्हणजे दोघी असतील तर सव्वा-सव्वा. सहा दिवस रोज दहा मिनिटं खालवर करणं म्हणजे एक तास. तेल तापवणं, गार करून ओतणं, ढवळणं आणि पॅकिंगला सरकवणं दीड तास. एकूण पाच तास. म्हणजे कालवणं ५०%, खालवर करणं २०%, तेलाचं काम ३०%. आपली २० पिंपं पहिले दोन टप्पे पार करून बसलीत, म्हणून ती ७०% झालीत, ३०% नव्हे. १० पिंपांना या प्रोसेसचं काम काहीच झालेलं नाही, ०%. तर कन्व्हर्जनचे इक्विव्हॅलंट युनिट ७० + १४ + ० = ८४ आणि ४२,००० भागिले ८४ म्हणजे ५०० रुपये.

(तासाचं माप इथे चाललं कारण ओव्हरहेड बराचसा मजुरीच्या मागे जाणारा होता. कोणाचं युनिट फोडी कोल्ड रूममध्ये ठेवत असेल तर तिथलं लाइट बिल खरोखरच दिवसांप्रमाणे चढतं, मग तेवढा खर्च बाजूला काढून त्याला दिवसांचे टक्के लावायचे. नियम दिवसांच्या विरोधात नाही, खर्च कशाने चढतो ते बघा एवढंच.)

आता पूर्ण पिंपाची किंमत ३,००० + १,६०० + १,८०० + ५०० = ६,९०० रुपये. ७० पिंपं पॅकिंगला गेली त्यांची ४,८३,००० रुपये. क्लोजिंग डब्ल्यूआयपी काढताना मात्र ६,९०० ला हात लावायचा नाही, तिथे परत एकेक खर्च घ्यायचा. फोडी ३० पिंपांच्या ९०,०००, मसाला २० पिंपांचा ३२,०००, तेल शून्य, कन्व्हर्जन १४ गुणिले ५०० म्हणजे ७,०००. एकूण १,२९,००० रुपये. ४,८३,००० अधिक १,२९,००० म्हणजे ६,१२,०००, खर्च जुळला.

पण जुळला म्हणून खूश होऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो. ताईंचा १०० ने भागलेला हिशोबही जुळतो! ७० पिंपं ६,१२० ने ४,२८,४०० आणि ३० पिंपं १,८३,६००, बेरीज तीच ६,१२,०००. ८५ वालाही जुळतो. कारण भाजक कुठलाही घ्या, त्याच दराने परत गुणलं तर बेरीज जुळणारच. बेरजेने आकडेमोडीची चूक सापडते, टक्क्यांची नाही. टक्क्यांची चूक शोधायची तर क्लोजिंग पिंपातला एकेक खर्च वेगळा काढून पिंपाशेजारी उभं राहून विचारायचं, हे आत आहे का? ताईंच्या हिशोबात प्रत्येक पिंपावर १,२६० रुपयांचं तेल येतं, म्हणजे ज्या ३० पिंपांत तेलाचा थेंब नाही त्यांच्यात ३७,८०० रुपयांचं तेल बसलेलं आहे. झाकण उघडलं की चूक समोर. बाकी ११,२०० मसाल्याचे आणि ५,६०० मजुरीचे, असं मिळून क्लोजिंग ५४,६०० ने फुगलेलं, आणि तयार माल तेवढ्यानेच स्वस्त दाखवलेला.

याचा परिणाम कोटेशनवर बघा. ६,९०० भागिले ७० म्हणजे किलोला साधारण ९८ रुपये ६० पैसे, आणि कोट गेलं होतं ९५ ने. म्हणजे प्रत्येक किलोला साडेतीन रुपयांहून जास्त घरचे घालायचे आणि वर फायदा झाला असं समजायचं. नशिबाने केटररने अजून होकार दिला नव्हता. दुसरा परिणाम बँकेत. युनिटला कॅश क्रेडिट होतं आणि दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जायचं, त्यावरच ड्रॉइंग पॉवर ठरते. १,८३,६०० दाखवायचे का १,२९,०००? फुगवलेला आकडा दिला तर आज जास्त पैसे उचलता येतील पण पिंपं मोजायला बँकेचा माणूस आला तर त्याला झाकणावरच्या तारखा दिसतातच.

दिवसांचे ३०% धरले असते तर किती फरक पडला असता हेही काढून बघितलं. कन्व्हर्जनचे युनिट ७६ आले असते, दर साधारण ५५३, आणि क्लोजिंगमधली मजुरी ७,००० ऐवजी ३,३१६. म्हणजे फरक पावणेचार हजारांच्या आतच. खरं सांगायचं तर या युनिटमध्ये कन्व्हर्जनच्या टक्क्यांवर फार डोकं फोडण्यात अर्थ नाही, ६५% का ७०% यावर वाद घालत बसू नये. तेलाचा टप्पा चुकला तर मात्र दहा पट मोठी चूक होते. जिथे मजुरीच मोठी आहे, समजा एखादं भरतकामाचं युनिट, तिथे हे उलटं होईल.

एक गोष्ट मे महिन्यात झाली नाही पण लोणच्यात कधीतरी होतेच, बुरशी. समजा त्या ७० पैकी २ पिंपं तेल घालायला उघडली आणि वर पांढरी बुरशी दिसली, पूर्ण पिंप टाकून दिलं. एवढं खराब होणं त्यांच्याकडे दर सीझनला अपेक्षितच असेल तर ते नॉर्मल लॉस. त्या दोन पिंपांचा खर्च चांगल्या मालावर जातो. इथे एक बारीक मुद्दा येतो, खराबी कळते ती तेलाच्या टप्प्यावर. आपली ३० शिल्लक पिंपं त्या टप्प्यापर्यंत पोचलेलीच नाहीत, म्हणून हा बोजा फक्त तयार ६८ पिंपांनी उचलायचा, क्लोजिंगवर टाकायचा नाही. त्यासाठी त्या दोन पिंपांचे युनिटही मोजायचे आणि त्यांचा खर्च ६८ च्या किमतीत मिळवायचा, कारण ते युनिट सोडून दिले तर दर सगळ्यांचाच वाढतो, क्लोजिंगचाही. पण कोणीतरी ओल्या हाताने पिंप हाताळलं, झाकण उघडं राहिलं, म्हणजे व्हायला नको होतं ते झालं, तर तो ॲबनॉर्मल लॉस. दोन्ही वेळा त्या दोन पिंपांचे युनिट तेच: फोडी २, मसाला २, तेल ०, कन्व्हर्जन १.४, कारण तेही ७०% वर अडकले. साधारण ९,९०० रुपये होतात आणि ॲबनॉर्मल असतील तर ते सरळ नफा-तोटा खात्याला जातात, चांगल्या लोणच्याच्या किमतीत मिसळत नाहीत. तसं मिसळलं तर पुढच्या सीझनला भाव ठरवताना कोणाच्या तरी ओल्या हातांचा खर्चही गिऱ्हाइकाकडून मागितला जातो.

जूनमध्ये ही ३० पिंपं ओपनिंग म्हणून येतात आणि तिथे फिफो का वेटेड ॲव्हरेज असा प्रश्न पडतो. स्टॉकच्या किमतीबद्दलचं अकाउंटिंग स्टँडर्ड आहे ए.एस. २, त्यात दोन्ही चालतात. जूनमध्ये ४० नवीन पिंपं आली, ६० पूर्ण झाली आणि १० शिल्लक राहिली, त्या दहांना मसाला आणि खालवर करणं झालेलं, तेल नाही. फिफोत फक्त जूनमध्ये झालेलं काम मोजायचं. जुन्या ३० पिंपांना या महिन्यात फोडी काहीच नाहीत, त्या मेमध्येच पडल्या. मसाला त्यातल्या १० ना लागला, तेल तीसही पिंपांना. मजुरी जुन्या २० ना उरलेली ३०% म्हणजे ६, आणि १० ना पूर्ण म्हणजे १०, असे १६. त्यात जूनमध्येच सुरू होऊन संपलेली ३० आणि शिल्लक दहाचे ७ मिळवले की कन्व्हर्जनचे ५३. फोडींचे मात्र फक्त ४०.

ॲव्हरेजमध्ये फोडींचे ७० येतात, कारण तिथे मेचे ९०,००० सुद्धा आत ओढले जातात. जूनमध्ये कैरी संपत आली आणि फोडींचा खर्च पिंपाला ३,५०० वर गेला, म्हणजे ४० पिंपांचे १,४०,०००. ॲव्हरेज काढली तर २,३०,००० भागिले ७० म्हणजे साधारण ३,२८६ रुपये, आणि क्लोजिंगच्या दहा पिंपांतल्या फोडी या भावाने. फिफोत त्याच फोडी ३,५०० ने बसतात, जे आम्ही प्रत्यक्ष दिले. तेलाला मात्र दोन्ही पद्धतींत ६०च युनिट, एकच दर, कारण ओपनिंग पिंपांत तेल नव्हतंच. ताईंना मी फिफो ठेवायला सांगितलं, कारण लोणच्याच्या सीझनमध्ये सुरुवातीची आणि शेवटची कैरी एका भावाची कधीच नसते, आणि जुलैमध्ये जेव्हा ती शेवटची दहा पिंपं विकायची वेळ येईल तेव्हा ती मेच्या भावात पडली असं कोणाला वाटायला नको.